मुलाखतींच्या चित्रीकरणाबाबत सूचना

सर्व सदस्यांस कळविण्यात येते की, बेळगावच्या शहापूर-वडगाव भागातील ज्येष्ठ विणकरांच्या मुलाखती मोबाईलवर 1080p मध्ये, सेकंदाला २५ फ्रेम ठेवून चित्रित कराव्यात; आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने ३० फ्रेमला ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकू शकते. मिनिटाला साधारण १३० एमबी धरल्यास ४० मिनिटांस सुमारे ५.२ जीबी जागा लागेल, तेवढी आधीच मोकळी करावी. फोन तिपाईवर असताना स्टॅबिलायझेशन बंद ठेवावे, कारण ते चित्राच्या कडा कापते.

खरी काळजी आवाजाची घ्यावी. कॉलरमाईक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावावा, शेजारचा माग थांबवण्याची विनंती करावी आणि अर्धा मिनिट चित्रित करून इअरफोनने ऐकावे; आवाज लांबून, पोकळ आल्यास फोनचाच माईक चालू राहिला आहे, असे समजावे.