बाबा, त्या नोटा रद्दीत घालू नका

ती. आई-बाबांना
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, आईने फोनवर सगळं सांगितलं. खालचा खण आवरताना मागाच्या जुन्या मॅन्युअलमध्ये तुमच्या जर्मनीतल्या नोटा सापडल्या. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून त्या परकी चलन बदलून देणाऱ्या दुकानात नेल्या आणि काउंटरवरच्या मुलाने ‘काका, हे बंद झालंय’ म्हणून परत केल्या. त्या दिवसापासून तुमचं जेवणात लक्ष नाही, असंही ती म्हणाली. म्हणून मुद्दाम पत्र लिहिते आहे. फोनवर तुम्ही ‘जाऊ दे गं’ म्हणून विषय संपवला असता.

तो मुलगा खोटं बोलला नाही. अशी दुकानं चालू चलनच घेतात आणि मार्क २००२ सालीच व्यवहारातून गेला. पण दुकानाने नाकारलं म्हणून नोट मेली असं नाही. जर्मनीची मध्यवर्ती बँक, बुंडेसबँक, मार्क आजही युरोत बदलून देते. त्याला शेवटची तारीखच नाही आणि त्यासाठी पैसेही कापत नाहीत. दर १९९९ पासून एकच आहे, १ युरोला १.९५५८३ मार्क. तुमच्यासारखं जपून ठेवणारे पुष्कळ आहेत. १२ अब्जांहून जास्त मार्क, नोटा आणि नाणी मिळून, अजून परत आलेले नाहीत.

आता दादाने पाठवलेल्या फोटोबद्दल. त्यात दोन वेगळ्या देशांच्या नोटा एकत्र आहेत आणि दोन्हींवर क्लारा नावाची बाई आहे, म्हणून नीट बघा. निळी १०० ची नोट, जिच्या मागे पियानो आहे, ती क्लारा शुमानची. तिच्यावर ‘डॉइचे बुंडेसबँक’ असं छापलंय. ती चालेल. तपकिरी १० च्या नोटेवर क्लारा झेटकिन आहे. ती पूर्व जर्मनीची, तिच्यावर ‘डीडीआर’ अशी अक्षरं आहेत. तो देश १९९० मध्ये विलीन झाला. त्याच वर्षी १ जुलैला तिथे पश्चिमेचा मार्क आला, आणि जुन्या नोटा आज कोणतीही बँक घेत नाही. बर्लिनला गेला होतात तेव्हाची ही असणार. ती आणि फ्रान्सची ५० फ्रँकची नोट वेगळी काढून ठेवा. फ्रँक बदलायची मुदत १७ फेब्रुवारी २०१२ ला संपली, त्यामुळे तिचं आता काही होणार नाही. त्या दोन्ही माझ्याकडे द्या, मला हव्या आहेत.

उरल्या पश्चिमेच्या: १०० च्या दोन, ५० ची एक, २० ची एक, १० च्या दोन. एकूण २९० मार्क, म्हणजे १४८ युरो २७ सेंट. १० च्या नोटेवर गणितज्ञ गाउस आहे आणि त्याच्या शेजारी घंटेच्या आकाराचा आलेख, सूत्रासकट. तुम्ही मला बारावीला तोच आलेख काढून दाखवला होता, तो कुठून आला ते मला आत्ता कळलं. त्यातल्या एका नोटेचा कोपरा फाटलाय, पण काळजी नको. अर्ध्याहून जास्त नोट शाबूत असली की पूर्ण किंमत देतात. फक्त तिला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको.

कुरिअरने पाठवायचा विचारही करू नका. पाकिटात घालून परदेशी नोटा पाठवणं नियमात बसत नाही आणि हरवल्या तर विचारणार कोणाला? इथे म्युनिकमध्ये बुंडेसबँकेची शाखा आहे, तिथे समोर उभं राहून नोटा देता येतात. सोबत पासपोर्ट ठेवायचा.

आईने आणखी एक सांगितलं. तुम्ही तिला सांगू नको म्हणाला होतात, तरी तिने सांगितलं. इचलकरंजीहून दुसऱ्या करारावर जाताना तिलाही नेणार होतात आणि हे मार्क तिच्या तिथल्या पहिल्या महिन्यासाठी ठेवले होते. तो करार झालाच नाही. तुम्ही एवढी वर्षं ते खर्चले नाहीत आणि कुणाला बोललाही नाहीत, यावर मी परवा रात्री खूप रडले.

तर नोटा दादाकडे देऊ नका. मे महिन्यात तुम्ही दोघंच घेऊन या. शेंगेन व्हिसाला निमंत्रणाचं पत्र लागेल, ते मी याच आठवड्यात करते. तिकिटाचा खर्च मी आणि दादा बघतो, त्यावर वाद नको. बँकेच्या खिडकीवर तुम्हीच बोला, तुमचं जर्मन माझ्यापेक्षा चांगलं आहे. आलेले पैसे आईच्या हातात द्या, ती म्हणेल तिथे खर्च करू.

तुमचा पासपोर्ट चालू आहे हे मला माहीत आहे. आईच्याची मुदत कधी संपते ते बघून आजच कळवा, म्हणजे नवा काढायचा असेल तर दादा अर्ज भरेल.

तुमची,
मनू