घरच्या ग्रुपवरचा बीपीचा निरोप

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दोन महिन्यांपूर्वी मी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप टाकला होता : ‘तिशी ओलांडलेल्या सगळ्यांनी वर्षातून निदान एकदा बीपी मोजून घ्या आणि आकडा इथे कळवा.’ मी निवृत्त परिचारिका आहे. किती दंडांना पट्टा गुंडाळला त्याची मोजदाद नाही. त्यामुळे निरोप लिहायला दोन मिनिटेही लागली नाहीत, आणि चूक नेमकी तिथे झाली. मोजा म्हटले, पण कसे मोजा ते लिहिले नाही. पुढे जे झाले ते आपल्या वाचकांच्याही घरी होण्यासारखे आहे, म्हणून हे पत्र.

ग्रुपवर तिशीच्या पुढचे तेवीस जण आहेत. पहिल्या दिवशी अंगठे आले, हात जोडलेली चित्रे आली, आकडा एकही आला नाही. एका पुतण्याने लिहिले, “काकू, मला काही त्रासच नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही.” त्याचे वय चौतीस. त्याला उत्तर दिले की त्रास नाही म्हणूनच मोजायचे. रक्तदाब हळूहळू वाढतो, शरीर त्या वाढलेल्या दाबाला सरावते आणि बहुतेकांना काहीही जाणवत नाही. तोवर हृदयाची भिंत जाड होत राहते, मूत्रपिंडातल्या आणि डोळ्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या कडक होत जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या आकडेवारीनुसार जगात तीस ते एकोणऐंशी या वयातल्या सुमारे १२८ कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे, आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांना तो असल्याचे माहीत नाही.

माझ्या दिरांचे म्हणणे वेगळे. “वहिनी, वय वाढलं की बीपी वाढणारच. शंभर अधिक वय, एवढं चालतं.” हा हिशोब त्यांनी काढलेला नाही, एके काळी डॉक्टरही तो सांगत. त्याच समजुतीच्या काळात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे बीपी १९३७ मध्ये १६२/९८ होते, १९४१ मध्ये १८८/१०५ झाले. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, तेव्हा ते ६३ वर्षांचे होते. त्या काळी हातात चांगली औषधे नव्हती. आज आहेत, पण मोजल्याशिवाय ती कोणाला द्यायची?

रूझवेल्टांचा उपयोग झाला असावा, कारण दुसऱ्या दिवसापासून यंत्रांचे फोटो येऊ लागले. आणि माझ्या पोटात गोळा आला. आकडे पाहून नव्हे, फोटो पाहून.

दिरांचा फोटो १५२/८६ चा. पलंगाच्या कडेला बसलेले, पाठीला टेका नाही, पाय लोंबकळत, पट्टा बांधलेला हात खाली सोडलेला आणि तोंडाने फोटो काढणाऱ्याला सूचना चालू असणार, कारण तोंड उघडे होते. हात खाली असला तर काय होते? पट्टा हृदयाच्या पातळीपेक्षा जितका खाली, तितके मधल्या रक्ताचे वजन आकड्यात मिसळते. हिशोब साधा आहे : एका सेंटिमीटरला सुमारे पाऊण अंक. बारा सेंटिमीटर खाली म्हणजे नऊ अंक फुकटचे. बोलण्याने, टेका न घेता बसण्याने आणखी चढतात. रविवारी जाऊन त्यांना टेक्याच्या खुर्चीत बसवले, दंड टेबलावर, तळवे जमिनीला, पाच मिनिटे गप्प. शेवटची अट त्यांना सर्वांत जड गेली. आकडा आला १३४/७८. त्यांना ‘शंभर अधिक वय’ बरोबर असल्याचा आनंद झाला, तो मी काही काढून घेऊ शकले नाही. एवढेच सांगितले की हा आकडा आजारात जात नसला तरी काठावरचा आहे, वर्षभर थांबू नका, तीन महिन्यांनी पुन्हा मोजा.

जावेची चूक उलट दिशेची. तिने १२४/७८ कळवले. मग बोलता बोलता कळले की तिने पाठोपाठ सहा वेळा मोजले होते आणि सर्वांत चांगला आकडा निवडून टाकला होता! साडी नेसताना निवड करतो तशी. पहिला आकडा भीतीने थोडा जास्त येतो हे खरे, म्हणून तो सोडता येतो. पण पुढचे दोन एकेका मिनिटाच्या अंतराने घेऊन त्यांची सरासरी धरायची असते, आवडीचा आकडा नाही. तिचा पट्टाही दंडाला अपुरा होता. आतली हवेची पिशवी दंडाच्या घेराच्या सुमारे ऐंशी टक्के भागाला वेढेल एवढी लांब हवी. पट्टा लहान पडला की आकडा खोटाच मोठा दिसतो, आणि भरल्या दंडाची माणसे कारण नसताना घाबरतात. तिला मोठा पट्टा घ्यायला लावला. बाही जोर लावून वर गुंडाळायची नाही, तीच दंडाला फास बसवते. बाहीतून हात बाहेर काढायचा, हेही तिला सांगितले.

आता चौतिशीचा पुतण्या. त्याने आधी पुरावाच दिला : कार्यालयातल्या वार्षिक तपासणीचे चार वर्षांचे कागद, चारही वर्षे १२०/८०. मला हसू आले. बीपी म्हणजे रक्तगट नव्हे, चार वर्षे तोच यायला. घाईत तपासणाऱ्याच्या हातून शून्यावर संपणारे गोल आकडे लिहिले जातात, हे आमच्या पेशातले जुने दुखणे आहे. घरच्या यंत्रावर मोज म्हटले, तर १६४/१०२ चा फोटो आला आणि ग्रुपवर एकच हलकल्लोळ. कोणी लसूण सुचवला, कोणी आपल्या घरातल्या बीपीच्या उरलेल्या गोळ्या पाठवायला निघाले. जिने चढून आल्या आल्या, वर कॉफी पिऊन त्याने मोजले होते. व्यायाम, चहा-कॉफी, सिगारेट यांनंतर अर्धा तास तरी जाऊ द्यावा लागतो, लघवीला जाऊन यावे लागते. हे सगळे मी निरोपात लिहिले नव्हते.

पण ‘चुकीचे मोजलेस’ म्हणून सोडून देणेही चुकले असते. त्याला मी आठवड्याचे काम दिले. रोज सकाळी आणि संध्याकाळी, प्रत्येक वेळी मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजायचे आणि आले तसे वहीत लिहायचे. सात दिवसांचे अठ्ठावीस आकडे. पहिल्या दिवसाचे चार सोडायचे, उरलेल्या चोवीसांची सरासरी काढायची. सुरुवातीला दोन्ही दंडांवर मोजून ज्या हाताचा आकडा जास्त येतो तोच पुढे धरायचा. त्याची सरासरी आली १४२/९३. दवाखान्यात १४०/९० ही रेषा मानतात, पण घरच्या निवांतपणात मोजलेल्या सरासरीसाठी रेषा १३५/८५ असते. म्हणजे तो दोन्ही आकड्यांनी रेषेच्या वर होता. जिना आणि कॉफी वजा केल्यावरही.

खालचा आकडा ९३ हे मला जास्त खटकले. तरुण वयात वाढीची सुरुवात अनेकदा खालच्या आकड्यापासून होते. म्हातारपणी वरचा चढत जातो आणि खालचा उतरतो. वरचाच आकडा पाहायची आपली सवय असल्यामुळे तिशी-चाळिशीतली माणसे नेमकी इथे निसटतात.

वही घेऊन तो डॉक्टरांकडे गेला. त्यांनी लघवीतले प्रथिन, रक्तातले क्रिएटिनिन आणि पोटॅशियम, ईसीजी एवढे तपासले. इतक्या कमी वयात बीपी वाढले की मूत्रपिंड किंवा ग्रंथींचे काही कारण आहे का, हे पाहावे लागते. सगळे ठीक निघाले. मग त्यांनी असा प्रश्न विचारला, जो मलाही सुचायला हवा होता : “दुसरी कुठली गोळी घेतोस का?” तर गुडघ्यासाठी आयबुप्रोफेन, चार महिने, जवळजवळ रोज. असल्या वेदनाशामकांनी शरीरात मीठ आणि पाणी साठते, बीपी चढते. ती बंद केली. चार आठवड्यांनी पुन्हा सात दिवसांची वही : १३६/८९. उतरले, पण रेषेच्या खाली गेले नाही. म्हणजे गोळी हे कारणांपैकी एक होते, एकमेव नव्हते. त्याच्या वडिलांनाही चाळिशीतच बीपी लागले होते. सध्या मीठ आणि वजन कमी करणे चालू आहे, औषधाचा निर्णय डॉक्टर पुढच्या वहीवर घेतील.

हे सगळे झाल्यावर मी निरोप नव्याने लिहिला. जमले तर हा तेवढा चौकटीत छापावा, ही विनंती :

“तिशी ओलांडलेल्यांनी वर्षातून निदान एकदा बीपी मोजा. गरोदरपणात बीपी वाढलेल्या मुलींनी तिशीची वाट पाहू नये. आधी अर्धा तास चहा, कॉफी, सिगारेट, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटे गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, दंड हृदयाच्या पातळीवर टेकलेला. दोन-तीनदा मोजा, सगळे आकडे लिहा, मला एकटीला पाठवा, ग्रुपवर नको. १३५/८५ च्या वर आले तर घाबरू नका, सात दिवस वही करा आणि डॉक्टरांना दाखवा. वरचा आकडा १८० च्या किंवा खालचा ११० च्या वर आला तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा, तसेच राहिले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. त्यासोबत छातीत दुखत असेल, दम लागत असेल, तोंड वाकडे झाले असेल किंवा बोलणे अडखळत असेल तर पुन्हा मोजत बसू नका, सरळ रुग्णालयात. दुसऱ्याच्या गोळ्या कोणीही घ्यायच्या नाहीत. आणि नाडी अनियमित असलेल्यांनी घरच्या यंत्रावर फार विसंबू नका, डॉक्टरांकडून हाताने मोजून घ्या.”

निरोप लांबला, हे कबूल. पुतण्याने लगेच लिहिले, “काकू, एवढं कोण वाचणार?” तरी आजवर तेविसांपैकी सतरा जणांचे आकडे माझ्याकडे आले आहेत. पुतण्याखेरीज आणखी दोघांच्या वह्या सुरू आहेत. उरलेल्या सहांमध्ये माझा सख्खा भाऊ आहे. तो रोज ग्रुपवर सुप्रभात पाठवतो, पण आकडा पाठवत नाही. येत्या रविवारी मी यंत्र आणि दोन मापांचे पट्टे घेऊन त्याच्याकडेच निघाले आहे. त्याला अजून कळवलेले नाही.

आपली,
एक निवृत्त परिचारिका