सायली, मंगळवारची मेल आधी वाच

लालबाग, सोमवार रात्र

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

काल तू लॅपटॉप मिटून, "तू पण त्याच्याच बाजूची" म्हणून निघून गेलीस. डबा तसाच राहिला, तो दादाने खाल्ला. फोनवर आपलं पुन्हा तेच होईल म्हणून लिहून पाठवतेय. दादा फोटो काढून पाठवेल. तुझ्या नोकरीत नाक खुपसायचं नाही असं ठरवूनच बसलेय. तरी एक सांगते, उत्तर अजून पाठवलं नसशील तर आज रात्री पाठवू नकोस.

तू अंघोळीला गेलीस तेव्हा जहाज चुकलेल्या त्या कंटेनरची सगळी मेल मी खालून वर वाचली आणि नेहाच्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर तारखा लिहून काढल्या. बत्तीस वर्षं बॅलार्ड इस्टेटला डॉक्युमेंटेशन केलंय, कट-ऑफ शब्द दिसला की हात आपोआप पेन शोधतो. तुला विचारायला हवं होतं, पण तू नाही म्हणाली असतीस.

तुमच्या त्या गाडी-गेट बघणाऱ्याने शनिवारी काय लिहिलंय ते आधी नीट बघ. दोन वाक्यं आहेत. एक, "शुक्रवार हा गेट-इनचा कट-ऑफ म्हणून मी कधीच कन्फर्म केला नव्हता." दुसरं, "तारीख बदलल्याचं बुधवारीच सगळ्यांना कळवलं होतं." तू या दोन्हीला मिळून "खोटं बोलतोय" म्हणालीस. तसं करू नकोस. दोन्हींचा पुरावा वेगळ्या जागी आहे, आणि एकाचा तुला वाटतो तेवढा पक्का नाही.

पहिलं वाक्य घे. सोमवारी तू कट-ऑफ विचारलास, त्याने दुपारी "कट-ऑफ शुक्रवार १८००" एवढंच लिहिलं. कुठला कट-ऑफ? बिल ऑफ लेडिंगसाठी शिपिंग इन्स्ट्रक्शन द्यायचा वेगळा, भरलेल्या कंटेनरचं वजन कळवायचा, ते व्हीजीएम, त्याचा वेगळा (२०१६ च्या जुलैपासून ते वजन कळवल्याशिवाय कंटेनर जहाजावर चढतच नाही), आणि न्हावाशेवाच्या गेटचा वेगळा. त्याने नाव घातलं नाही, तूही विचारलं नाहीस. म्हणून सोमवारची मेल पुढे केलीस तर तो सरळ म्हणेल, मी शिपिंग इन्स्ट्रक्शनबद्दल बोलत होतो. तू काल बोट ठेवून तीच दाखवत होतीस.

खरी मेल मंगळवारची आहे. तू लिहिलं होतंस की स्टफिंग गुरुवारी रात्री संपेल, गाडी शुक्रवारी सकाळी भिवंडीहून निघाली तर दुपारी गेटवर लागेल, चालेल ना? ते वाचून मला इतकं बरं वाटलं, काय सांगू. तारीख, वेळ, गाडी कुठून कुठे, सगळं एका वाक्यात. माझ्या वेळी असं विचारणारी पोरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. पण त्याच मेलच्या शेवटी तू आणखी एक विचारलंस, की बीएलचा ड्राफ्ट बायरला पाठवू का. आणि त्याचं उत्तर मोबाइलवरून टाइप केलेलं, दोन शब्दांचं: "येस, फाइन." आता हे येस गाडीला की ड्राफ्टला? तू म्हणशील दोन्हीला. मलाही तसंच वाटतं. पण तुझ्या साहेबाला तसं वाटायलाच हवं असं नाही.

म्हणून मी पुढे शोधत गेले. माणूस काय बोलला याचा अर्थ लागत नसेल तर त्यानंतर त्याने काय केलं ते बघावं. बुधवारी सकाळी ११ वाजून १० मिनिटांनी त्याने ट्रान्सपोर्टरला मेल केली आहे, गाडी शुक्रवारी दुपारी २ पर्यंत गेटवर हवी, फॉर्म १३ त्याआधी देतो. तू सीसीत आहेस. तुला ती दिसली नाही कारण तिचा विषय वेगळा आहे, गाडीच्या नंबरचा, म्हणून ती या धाग्यात येतच नाही, बाजूला पडते. कंटेनर नंबर टाकून शोधलीस की लगेच सापडेल. शुक्रवार गेटसाठी त्याने कधीच धरला नव्हता, तर मग ही गाडी शुक्रवारची का मागवली? आपला पुरावा हा आहे. "येस, फाइन" त्याच्या जोडीला ठेव, एकटं नको.

आता दुसरं वाक्य. बुधवारी संध्याकाळी ४:४० ला लाइनची सूचना आली की जहाज लवकर लागतंय, गेट गुरुवारी रात्री २२०० ला बंद. ती सूचना त्याच्या शनिवारच्या उत्तराखाली डकवलेली आहे, आणि ती बघून तू काल गप्प झालीस. तुला वाटलं आपल्याला आली होती आणि आपण वाचली नाही. मी म्हणूनच विचारलं ना, बुधवारची मेल पाहिलीस का? तेवढ्यावरून तू उठलीस.

सायू, उत्तराच्या खाली जे लोंबत असतं ते उत्तर देणाऱ्याच्या हातातलं असतं, तुझ्या पेटीतलं नव्हे. तुला मेल आली होती का हे त्या शेपटावरून कळत नाही. सूचना पुढे पाठवताना वर To आणि Cc मध्ये कोण होतं ते बघ. मी बघितलं, फॅक्टरीचा एकच पत्ता आहे. तू नाहीस, ट्रान्सपोर्टर नाही. म्हणजे कळवलं हे खरं, सगळ्यांना हे खरं नाही. तरी तुझ्या इनबॉक्समध्ये, स्पॅममध्ये आणि त्या फॅक्टरीच्या ग्रुप-आयडीत तू आहेस का, हे आधी स्वतः तपासून घे. ग्रुपमध्ये असलीस तर ती मेल तुला पोचलेली असू शकते आणि मग हा मुद्दा सोडून द्यायचा.

आमच्याकडे प्रत्येक पत्राची गुलाबी पातळ कागदावर ऑफिस कॉपी, ओसी, असायची. एकदा एका पार्टीने हात वर केले, डेस्टिनेशन बदलायला आम्ही सांगितलंच नव्हतं, तुमचं पत्रही आलं नाही. मी ओसी काढून धावत मोठ्या साहेबांकडे गेले. त्यांनी कागदाकडे बघितलंही नाही, म्हणाले, हे आपण लिहिलं एवढंच यातून कळतं, पिऊन बुक आणा. पिऊन बुकात त्या पार्टीच्या माणसाची सही आणि शिक्का निघाला, तेव्हा ते फोन उचलून बोलले. माझं वय तेव्हा तुझ्याएवढंच. घरी येऊन तुझ्या बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, मग तुला काय मिळालं? बाबांचं बोलणं तसंच. त्यांनी स्वतः साहेबाला रात्री बसून लिहिलेलं पत्र तुला माहीत आहे, आणि पुढचं वर्ष आपण कसं काढलं तेही. पत्रातली एकेक ओळ खरी होती. म्हणून म्हणते, आज रात्री नको. जाऊ दे, पुन्हा तेच.

आणखी एक, "मधल्या मेल त्याने उडवल्या" असं तू म्हणालीस, ते लिहू नकोस हं. त्याच्या उत्तराखाली मंगळवारचं काही नाही हे खरं. पण त्याने उत्तर तुझ्या शेवटच्या मेलला दिलेलंच नाही, स्वतःच्या सोमवारच्या मेलवर दिलंय. ज्या मेलवर उत्तर देशील तिच्याखाली जेवढं असतं तेवढंच पुढे जातं. धाग्याला फांदी फुटते, कोणी काही खोडावं लागत नाही. जीमेलमध्ये Show original उघडून In-Reply-To ची ओळ बघ, तिथे ज्या मेलला उत्तर दिलं तिचा Message-ID असतो. तो सोमवारच्याच मेलचा निघेल असा माझा अंदाज आहे. सोयीची मेल निवडली की घाईत वरची उघडली, ते त्यावरून कळणार नाही. जे कळत नाही ते आरोप म्हणून लिहायचं नाही.

मला तर वाटतं तो मुद्दाम खोटं बोलत नाहीये. बुधवारी सकाळी अकराला त्याच्या डोक्यात शुक्रवार होता, ४:४० नंतर गुरुवार आला, आणि शनिवारी कंटेनर शटआउट झाल्यावर त्याला आठवतं ते असं की गुरुवार पहिल्यापासूनच होता. खर्च अंगावर येताना माणसाची आठवण पुढे-मागे सरकते. त्याने "कधीच" लिहिलं नसतं तर मी त्याला माफही केलं असतं. हे वाचून तू पुन्हा म्हणशील त्याची बाजू घेते. नाही गं. तुला त्याच्यावर चिडायचं असेल तर चिड, फक्त कागदावर चिडू नकोस.

उत्तर लिहिशील तेव्हा छोटं लिही. मंगळवारी मी हे विचारलं, तुमचं उत्तर हे, बुधवारी सकाळी तुम्ही गाडी शुक्रवारची मागवली, संध्याकाळची सूचना माझ्या पत्त्यावर आलेली दिसत नाही. बस. "खोटं", "धक्कादायक", "आश्चर्य वाटलं" यातलं काही नको. स्क्रीनशॉट लावू नकोस, त्यात पत्ते आणि वेळा कापल्या जातात. मेल निवडून Forward as attachment कर, म्हणजे अख्खी मेल जाते, ज्याला बघायचं तो उघडून बघेल. आणि त्यातच लिही की कुठला कट-ऑफ हे मी सोमवारी विचारायला हवं होतं. ते तो लिहिणारच आहे, तू आधी लिहिलंस तर त्याच्याकडे वेगळं काही उरत नाही.

किती बोलले बघ. शाळेतल्या बाईंसारखं झालं, चिडू नकोस. तू माझ्यापेक्षा धीट आहेस. मी त्या वयात साहेबांच्या केबिनचं दार वाजवायलाही घाबरायचे, आणि तू चार माणसं सीसीत असताना उत्तर देतेस. याचा मला अभिमान आहे आणि झोप लागत नाही तीही याचमुळेच.

हा कागद ऑफिसात कोणाला दाखवू नकोस आणि उत्तर मला बीसीसी करू नकोस, ऑफिसची मेल घरी पाठवलेली चालत नाही, उगाच त्याच्या हातात कोलीत. पाठवायच्या आधी सकाळी लोकलमधून फोन करून वाचून दाखव. दादरला गर्दी व्हायच्या आत कर, नंतर तुझं काही ऐकू येत नाही.

तुझी,
आई