पाच स्वर म्हणजे अपुरे सप्तक नव्हे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला लोकगीतांवरील लेख काल दोनदा वाचला. पहिल्यांदा उत्सुकतेने आणि दुसऱ्यांदा आपण चुकून काही वेगळे तर वाचले नाही ना, हे पाहण्यासाठी. जगभरच्या लोकधुनांत पाचच स्वर का आढळतात, हा विषय आपण पानभर छापलात, याबद्दल आभार. मात्र त्याचे कारण म्हणून माणसाच्या हाताची पाच बोटे, पंचमहाभूते आणि ‘अशिक्षित समाजाला सातही स्वरांचे ज्ञान नसणे’ ही जी त्रयी लेखकाने पुढे केली आहे, ती वाचून पन्नास वर्षे पेटी वाजवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला गप्प बसवेना. जर्मनीतल्या होले फेल्स गुहेत 2008 साली सापडलेल्या, गिधाडाच्या हाडाच्या बासरीला पाच भोके आहेत, हाही पुरावा दिला आहे. पाच भोके म्हणजे पाच स्वर असे होत नाही. सगळी भोके बंद ठेवून फुंकले की सहावा स्वर निघतो, हे कोणत्याही जत्रेत बासरी विकणारा पोरगाही सांगेल.

मला राग आला तो मात्र तिसऱ्या कारणाचा, कारण ते मी याआधी याच शहरात एका परीक्षकांच्या तोंडून ऐकले आहे.

काही वर्षांपूर्वी एका आंतरशालेय स्पर्धेत मी साथीला होतो. पूर्व भागातल्या विणकर घरातली एक मुलगी, तिची आजी मागावर बसून गुणगुणत असे ती तेलुगू धून गायली. स्वर काळी चार. गाणे संपले तेव्हा माझ्या लक्षात आले, की माझे बोट पांढऱ्या पट्टीला एकदाही लागले नव्हते. सा, रे, म, प आणि कोमल नि एवढ्यावरच ती धून फिरत होती. आमच्याकडे याच स्वरांत मधमाद सारंग गातात. परीक्षकांनी तिला ध्वनिक्षेपकावरून विचारले, “ग आणि ध कुठे विसरलीस? सप्तक अपुरे आहे.” तिचे गुण कापले गेले. मुलीने खाली पाहिले आणि मीही पेटीचा भाता बंद करून खालीच पाहिले, याची टोचणी आजही आहे. त्याच न्यायाने मालकंस गाणाऱ्या प्रत्येक बुजुर्गाचे गुण कापावे लागतील, कारण त्यात रे आणि प नाहीत. शास्त्रात पाच स्वरांच्या रागाला औडव आणि सातांच्या रागाला संपूर्ण म्हणतात. त्या ‘संपूर्ण’ शब्दाने भल्याभल्यांचा घोटाळा केला आहे. तो शब्द फक्त संख्या सांगतो, योग्यता नव्हे.

आता पाचच का, हे सांगतो. स्पर्धेनंतर घरी जाऊन मी एक सागवानी फळी घेतली, तिच्यावर दोन घोड्या बरोबर 81 सेंटिमीटर अंतरावर बसवल्या आणि सतारीची एक तार ताणली. तिसरी, सरकती घोडी तारेच्या खाली जेमतेम टेकेल एवढीच उंच ठेवली. हे सांगणे जरुरीचे आहे, कारण बोटाने तार दाबली किंवा घोडी उंच झाली, तर तार अधिक ताणली जाते, स्वर चढतो आणि सगळे मोजमाप फसते.

मोकळी 81 सेंटिमीटरची तार म्हणजे सा. तारेचा दोन तृतीयांश भाग, म्हणजे 54 सेंटिमीटर वाजवला की पंचम मिळतो. तारसप्तकातला सा सोडला तर षड्जाशी इतका एकजीव होणारा दुसरा स्वर नाही, म्हणून तो कोणाला शिकवावा लागत नाही. तंबोऱ्याची पहिली तारही बहुधा त्यालाच लावतात. आता हेच नाते पंचमापासून पुढे न्यायचे. पंचमाचा पंचम वरच्या सप्तकात जातो, तो खाली आणला की लांबी 72 सेंटिमीटर होते आणि रिषभ मिळतो. रिषभाचा पंचम 48 सेंटिमीटरवर, तो धैवत. धैवताचा पंचम पुन्हा खाली आणला की 64 सेंटिमीटरवर गंधार. सा, प, रे, ध, ग. क्रमाने लावले की सा रे ग प ध. म्हणजे आपला भूप.

येथे थांबून एक पायरी पुढे टाकली की खरी गोष्ट कळते. गंधाराचा पंचम काढला तर तार उरते 42.67 सेंटिमीटर. हा निषाद. पण वरचा षड्ज 40.5 सेंटिमीटरवर आहे, म्हणजे दोघांमध्ये सव्वादोन सेंटिमीटरही नाहीत. तोवर शेजारच्या दोन स्वरांतले सर्वांत लहान अंतर एका पूर्ण स्वराचे होते. सहाव्या पायरीवर प्रथमच अर्ध्या स्वराची चिकटलेली जोडी येते. सातव्या पायरीवर तीव्र मध्यम येतो आणि तो पंचमाला तसाच चिकटतो. पंचमांच्या साखळीत कोठेही दाटी न होता जास्तीत जास्त पाचच स्वर मावतात. माझ्या मते या सबंध प्रश्नाचा गाभा एवढाच आहे आणि त्याचा बोटांशी किंवा पंचमहाभूतांशी संबंध नाही.

हा हिशेब माझा नाही. चीनमधल्या ‘ग्वान्झी’ या प्राचीन ग्रंथात 81पासून सुरुवात करून आळीपाळीने एक तृतीयांश मिळवत आणि वजा करत 108, 72, 96 आणि 64 असे आकडे काढलेले आहेत. त्यातल्या 108 आणि 96 यांच्या निम्मे करा, म्हणजे माझ्या फळीवरचे 54 आणि 48 सापडतील. त्यांनी ते दोन स्वर खालच्या सप्तकात धरले होते, एवढाच फरक. स्वरांचे गणित मांडणाऱ्या त्या लोकांना आपले लेखक अशिक्षित म्हणणार असतील, तर माझे म्हणणे मी मागे घेतो.

चिकटलेली जोडी नसली की सोपे काय होते, तेही ऐका. लग्नघरी दहा-बारा बायका एकत्र गायला बसल्या, की कोणाचा आवाज थोडा चढा लागतो, कोणाचा उतरा. शेजारचा स्वर दूर असेल, तर घसरलेला आवाजही त्याच स्वराचा म्हणून ओळखू येतो. नि आणि सा मात्र इतके जवळ असतात, की जरा घसरले की एकाचे दुसऱ्यात होते. शिवाय शुद्ध निषाद कानाला सतत षड्जाकडे ओढतो. तो सोडून मध्येच थांबले तर काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. भूपाच्या पाचांत ही ओढ नाही, म्हणून धून कोठेही थांबवता येते आणि थांबण्याचे घर बदलले की तिचा चेहराच बदलतो. पेटीवर फक्त काळ्या पट्ट्या वाजवून पाहा: काळी तीनला सा धरलात तर भूप, काळी एकला दुर्गा, काळी चारला त्या मुलीचा सारंग, काळी पाचला मालकंस आणि काळी दोनला धानी. पट्ट्या त्याच पाच. स्कॉटलंडमध्ये नववर्षाच्या रात्री गातात ती ‘ऑल्ड लँग साइन’ची चाल याच पाचांतली आहे. रवींद्रनाथांनी तिच्यावर ‘पुरानो शेई दिनेर कथा’ हे गाणे रचले आणि बंगालात ते इतके घरचे झाले, की चाल परक्या देशाची आहे हे मुद्दाम सांगावे लागते.

तथापि लेखकाने जसे सगळे एका कारणात बसवले, तसे मला करायचे नाही. माझ्या फळीवरचा गंधार 64 सेंटिमीटरवर येतो, पण तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा गंधार 64.8वर आहे. हा आठ मिलिमीटरचा फरक ऐकू येतो. फळीवरचा गंधार किंचित चढा आणि बोचरा वाटतो, आणि चांगला गवय्या तंबोऱ्यातल्या गंधारालाच मिळतो. म्हणजे कान केवळ साखळी मोजत बसत नाही. जावा बेटावरच्या गामेलान वाद्यमेळात ‘स्लेंद्रो’ नावाची पाच स्वरांची पद्धत आहे, तिच्यात पाचही अंतरे जवळपास सारखी असतात, त्यामुळे शुद्ध पंचम जुळतच नाही आणि एका मेळाची वाद्ये दुसऱ्या मेळाशी स्वरात मिळत नाहीत. तेथे माझी साखळी लंगडी पडते; मोकळ्या अंतरांचे कारण मात्र तेथेही टिकते. आणि आपल्या जात्यावरच्या कितीतरी ओव्या तर तीन-चार स्वरांतच फिरतात, त्यांना पाचही लागत नाहीत. त्यांचे गुण परीक्षकांनी किती कापले असते, कोण जाणे.

आता शेवटची, पण माझ्या दृष्टीने सर्वांत संतापजनक गोष्ट. लेखासोबतच्या चौकटीत ‘अर्धस्वर नसलेल्या पाच स्वरांचे सोपे उदाहरण’ म्हणून गुणकली दिली आहे आणि तिचे स्वर ‘सा रे म प ध’ असे छापले आहेत. गुणकलीतले रे आणि ध कोमल असतात. कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ देतात, ती आपल्या छपाईत गळाली. रेघ गेल्यावर जे उरले, तो दुर्गा. आणि रेघ दिली असती, तर सा–रे आणि प–ध या दोन चिकटलेल्या जोड्या उघड दिसल्या असत्या आणि उदाहरणच चुकीचे ठरले असते. म्हणजे एका चुकीने दुसरी चूक झाकली गेली. पाच स्वर असले की अर्धस्वर नसतोच, असे नाही, हे गुणकली पुरेपूर सिद्ध करते, आणि म्हणूनच पहाटे ती ऐकताना भूपासारखा मोकळेपणा वाटत नाही, काळजात कालवाकालव होते.

कोमल-तीव्राच्या खुणा गाळण्याची ही पहिली वेळ नाही. गेल्या वर्षी आपण बालवाचकांसाठी छापलेल्या सरगमीतही हाच प्रकार झाला होता. तेव्हा मी पोस्टकार्ड पाठवले होते, ते आपल्यापर्यंत पोहोचले नसावे असे मी सौजन्याने धरून चालतो. छपाईत रेघ बसत नसेल, तर ‘कोमल रे’ असे अक्षरांत छापा. जागा थोडी जास्त लागेल, पण त्याच पानावर जाहिरातींना बरीच जागा मिळालेली दिसते.

येत्या रविवारी त्या चौकटीची दुरुस्ती, त्याच पानावर आणि त्याच आकाराच्या टंकात छापावी, ही विनंती. फळी आणि तार माझ्याकडे अजून आहे. लेखक महाशयांना 42.67 आणि 40.5 यांच्यातले अंतर स्वतःच्या कानांनी ऐकायचे असेल, तर सायंकाळी पाचनंतर मी घरीच असतो. पत्ता कार्यालयासाठी पाकिटाच्या मागे लिहिला आहे, तो छापू नये.

आपला,
एक जुना पेटीवादक,
सोलापूर