बसच्या डावीकडून घुसू नका

संपादक महोदय,
परवा हडपसरला ट्रॅफिक जाम होता, सगळे अगदी हळूहळू सरकत होते आणि मी बाईक बस आणि फुटपाथच्या मधून काढायला गेलो, तेवढ्यात बस डावीकडे वळायला लागली. लांब गाडी वळते तेव्हा मागचं चाक पुढच्या चाकापेक्षा आतून जातं, त्यामुळे माझी जागा बघता बघता कमी झाली, हँडल बसच्या पत्र्याला घासलं, पाय फुटपाथवर टेकला म्हणून वाचलो. ड्रायव्हरला मी दिसलोच नव्हतो. आरशात त्याचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही आपण दिसत नाही, एवढं तरी बघा. डावीकडून ओव्हरटेक करणं तसंही साधारणपणे नियमात बसत नाही, मागेच थांबा ना.
– एक दुचाकीस्वार, पुणे