सा सोडू नका म्हणालात, त्याबद्दल

आदरणीय बुवा,
सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी तुम्ही भजनाची पेटी उघडलीत आणि आमचं गाणं रुळावर आणलंत. आभार मानायचे राहिले, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय.

जात्यावरच्या ओवीच्या वळणाची चाल, सूर पांढरी दोन, म्हणजे आमच्या गिटारचा डी. कॉर्ड लावले होते डी मायनर, बी फ्लॅट, सी आणि ए सेव्हन. वाईट वाजत नव्हतं, पण ओवी फिल्मी विरहगीतासारखी रडवेली झाली होती. तुम्ही ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "चालीत धैवत शुद्ध आहे, मग खाली कोमल कशाला?"

बी फ्लॅट कॉर्डचा पायाच कोमल धैवत. त्याजागी जी मेजर आला: मध्यम, शुद्ध धैवत, षड्ज. गंधार-निषाद कोमलच राहिले, त्यामुळे दुःख राहिलं आणि रडगाणं गेलं. ए सेव्हनमध्ये शुद्ध निषाद लपलेला, म्हणून तोही काढला. सी वरून सरळ घरी परतायचं ठरलं. पाश्चात्त्य संगीतात याला डोरियन मोड म्हणतात. सूर काफी थाटाचेच. (राग काफी नव्हे, हे तुम्ही दोनदा बजावलंत.)

मग तुम्ही सा आणि प दाबून भाता चालू ठेवलात. "कॉर्ड बदला, हा बदलणार नाही." त्यावर जी वाजवला तर सा त्याचा पंचम होऊन निवांत बसतो. सी वाजवला की तोच सा परका होतो, थोडा घासतो. जात्याची घरघर मला त्या घासण्यात ऐकू आली. आता सहावी तार ई वरून डी पर्यंत उतरवतो आणि मोकळी वाजू देतो.

रेकॉर्डिंगला मात्र फसलो. डिस्टॉर्शन लावून अख्खा डी मायनर वाजवला की नुसता चिखल. कारण तुम्ही फोनवर सांगितलंत: षड्जाच्या नादात शुद्ध गंधार आपोआप उमटतो, तानपुऱ्यात ऐकू येतो तो स्वयंभू गंधार. डिस्टॉर्शनने तो आणखी वर येतो आणि आमच्या कोमल गंधाराशी भांडतो. आता ती गिटार फक्त सा-प वाजवते, कोमल गंधार गाणारीच्या गळ्यावर सोडलाय. पेटीचा सूर ट्यूनरपेक्षा किंचित चढा होता, दोन्ही एकत्र वाजले की आवाज हेलकावे खायचा. पेटी काही पिळता येत नाही, मग गिटारीच तिच्याशी मिळवल्या.

शेवटच्या कडव्यात ड्रम आणि बेस थांबतात. उरतो गळा आणि तुमचा सा-प. त्यात भात्याचा श्वासही ऐकू येतो. आमचा रेकॉर्डिस्ट तो साफ करणार होता, मी करू दिला नाही.

तुमचा,
गिटारवाला