ताई, तुम्ही आधी घड्याळ लावायला सांगितलंत

ताई,

एडीएचडीमुळे लक्ष न टिकणाऱ्या माझ्या मुलासाठी तुमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या पिशवीत सात खेळणी होती. सगळ्यांच्या खोक्यावर 'एकाग्रता वाढवा' असं छापलेलं. तुम्ही एकही खोकं उघडलं नाहीत. फक्त विचारलंत, "हातातलं काम न सोडता तो किती वेळ बसतो?"

"बसतच नाही," हे माझं उत्तर तुम्हाला चाललं नाही. तीन दिवस मोजायला लावलंत. कधी पाच मिनिटं, कधी सात.

तेव्हा कुठे १०० तुकड्यांचं जिगसॉ का फसत होतं ते कळलं. सहा मिनिटं बसणाऱ्या आठ वर्षांच्या मुलापुढे मी तासाभराचं काम ठेवत होते. चार तुकडे जुळले की तो सगळं उधळून द्यायचा आणि मी त्याला हट्टी म्हणायचे.

तुम्ही २४ तुकड्यांचं चित्र आणायला सांगितलंत, तेही शेवटाकडून शिकवायला. १६ तुकडे मी लावायचे, शेवटचे आठ त्याने. मला ही फसवणूक वाटली होती, खरं सांगते. पण चित्र दर वेळी त्याच्याच हातून पूर्ण व्हायचं, आणि पूर्ण झालेलं काम त्याने तोवर फारसं पाहिलंच नव्हतं. सलग तीन दिवस आठ तुकडे न चिडता लागले, की त्याच्या वाट्याला दोन वाढवायचे. उधळलं, तर दोन कमी. त्याचा राग मोजायचं माप मला पहिल्यांदाच मिळालं.

बसण्याआधी अंगमेहनत, हे तुमचं दुसरं सांगणं. मी त्याला उड्या मारायला लावायचे, त्याने तो आणखीच उधाणायचा. तुम्ही पुस्तकांनी भरलेली टोपली खोलीभर ढकलायला दिलीत, मग दोन्ही हातांनी भिंत रेटायला. दहा मिनिटांत श्वास संथ व्हायचा. सगळ्याच मुलांना हे लागू पडेल असं नाही, हेही तुम्हीच बजावलंत.

फिरकीच्या खेळण्यावरून मात्र मी वाद घातला होता. हात गुंतले की मन लागतं, असं मी कुठेतरी वाचलेलं. तुम्ही म्हणालात, "हात नका बघू, डोळे बघा." गोष्ट ऐकताना त्याचे डोळे फिरकीवरच होते. त्याऐवजी मळायची माती दिली, तर बोटं आपली चालू आणि नजर माझ्याकडे.

खेळण्यांनी एडीएचडी जात नाही, हे तुम्ही पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलंत, म्हणून डॉक्टरांचे उपचार आम्ही सोडले नाहीत. बरं झालं.

आता तो २४ तुकडे एकटा लावतो. १०० तुकड्यांचं खोकं कपाटात वर आहे, तिथेच ती फिरकीही. तुमच्याशी फोनवर बोलताना कधीकधी मीच फिरवत बसते.

तुमची आभारी,
एक आई